चार लाख ऐंशी हजार

शिवशरण बायकोला घेऊन जिना चढला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गहाण पडणार. अकरा वर्षं मी त्याचं आयकर रिटर्न भरतो. एवढ्या वर्षांत विद्याश्रीवहिनी माझ्या शाहूपुरीतल्या ऑफिसात एकदाच आल्या होत्या, घराच्या खरेदीच्या वेळी. ते घर त्यांच्या नावावर घ्या, हा सल्ला माझाच. "धंदा तुझ्या नावावर, घर वैनींच्या. उद्या धंदा बसला तरी घर उभं राहील," असं मी म्हणालो होतो आणि शिवशरणनं खूश होऊन पेढे दिले होते. फी मात्र अर्धीच दिली होती.

शिरोली एमआयडीसीत त्याचं दोन लेथचं वर्कशॉप. ज्या फाउंड्रीच्या कामावर त्याचं घर चालतं, तिनं कळवलं होतं की पुढच्या महिन्यापासून माल संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर केलेलाच पाहिजे. इचलकरंजीत एक जुनं सीएनसी दहा लाखांना मिळत होतं. सोमवारपर्यंत पैसे दिले तर.

त्यानं बँकेतून आणलेला कागद माझ्यापुढं सरकवला. एका बाजूला वैयक्तिक कर्ज, सोळा टक्के, पाच वर्षं. दुसऱ्या बाजूला घर तारण ठेवून कर्ज, साडेदहा टक्के, पंधरा वर्षं.

"सोळा कुठं आन साडेधा कुठं! आंधळा बी सांगंल, आण्णा. पर हिला पटंना. म्हटलं चल, आण्णांकडनंच ऐक."

"मी काय आंधळी न्हाय," विद्याश्री म्हणाल्या. "मला आकडं दाखवा, आण्णा. टक्के नकोत. हातातनं किती जाणार ते सांगा."

कोल्हापूरची बाई टक्क्याला भुलत नाही. मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं वळवला.

"वैयक्तिक कर्जाचा हप्ता चोवीस हजार तीनशे अठरा. पाच वर्षांत साडेचौदा लाखांच्या वर भरायचे, म्हणजे व्याज साडेचार लाख. घरावरच्या कर्जाचा हप्ता अकरा हजार चोपन्न. पण पंधरा वर्षं. व्याज नऊ लाख नव्वद हजार."

"म्हंजी स्वस्त कर्ज दुप्पट महाग," त्या म्हणाल्या.

"लांबवलं तर. वरचेवर जादा भरून पाच वर्षांत फेडलं, तर व्याज तीन लाखांच्या आत."

"भरू की जादा!" शिवशरण म्हणाला.

विद्याश्रींनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ह्यांच्या हातात जादा पैसा कधी दम धरतोय? आला की दुसरं मशीन बघत्यात. आणि हप्ता थकला तर काय, ते सांगा."

ते सांगायला मला नको वाटत होतं. "वैयक्तिक कर्ज थकलं तर फोन येतील, माणसं येतील, कर्जाची पत बुडेल, कोर्टात दावा होईल. त्रास आहेच. पण घर त्या कर्जात लिहिलेलं नसतं, आणि ते तर तुमच्या नावावर. घरावरचं कर्ज नव्वद दिवस थकलं की खातं बुडीत धरतात. मग साठ दिवसांची नोटीस. त्यातही भरलं नाही, तर बँक ताबा घेऊन घर लिलावात काढू शकते. त्यासाठी दावा लावून निकालाची वाट बघावी लागत नाही."

"मग ठरलं की," विद्याश्री म्हणाल्या. "महाग तर महाग, वैयक्तिकच घ्या. म्हैन्याला चोवीस हजार निघत्यात. घर मी चालवतो, मला म्हाईत हाय."

निघत होतेच. फाउंड्रीच्या कामाशिवाय गॅरेजवाल्यांची कामं, मळ्यातल्या मोटारपंपाची कामं, सगळी रोखीची. शिवशरणच्या खिशातल्या डायरीप्रमाणं वर्षाला नऊ लाख सुटत होते, आणि ते वहिनींनाही माहीत होतं. शिवशरण टेबलावरच्या पेपरवेटशी खेळू लागला. का, ते मला ठाऊक होतं. मीही बँकेचा कागद उलटा करून बघू लागलो.

"काय झालं ओ दोघांला?"

"बँक वैयक्तिक दहा लाख देणार नाही, वहिनी. पाचच्या आतच देईल."

"का?"

"बँक रिटर्न बघते. रिटर्नवर उत्पन्न चार लाख ऐंशी हजार आहे. म्हणजे महिन्याला चाळीस. त्यातलं निम्मं हप्त्यांना धरतात, वीस. जुन्या लेथचा आठ हजारांचा हप्ता चालू आहे. उरले बारा. बारात अकरा हजार चोपन्न बसतात. चोवीस बसत नाहीत."

"पाच लाखांत अर्धं मशीन मिळतंय का?" शिवशरण हसायला गेला.

विद्याश्रींनी कॅल्क्युलेटर ओढून घेतला. शिवणकामाची गिऱ्हाईकं सांभाळून हिशेब ठेवणारी बाई; बोटं माझ्यापेक्षा जलद चालली. नऊ लाख, भागिले बारा. पंचाहत्तर हजार. निम्मे, साडेसदतीस. वजा आठ. साडेएकोणतीस हजार.

"खरं लिवलं असतं तर चोवीस हजार बसत हुतं."

"व्हय," मी म्हणालो.

"घराला हात लागला नसता."

"न्हाय."

"मग खोटं कुणी लिवलं?"

"अगं, कर वाचवाय!" शिवशरण उसळला. "वर्साला चाळीस हजार वाचत हुतं. आण्णांनीच बसवून दिलं समदं."

डायरी त्याची, आग्रह त्याचा, पण आकडा माझ्या हातचा. पाच लाखांच्या आत राहिलं की कर शून्य, म्हणून चार ऐंशी. तीन वर्षांत त्याचे सव्वा लाखभर वाचवले, त्याची फी मी मोजून घेतली. आता बारा लाखांपर्यंत करच नाही म्हटल्यावर खरं लिहायलाही काही अडचण नाही. पण बँक पुढचं रिटर्न बघत नाही, मागची बघते.

"आता दुरुस्त करता येत न्हाय?"

"येतं, काही वर्षांचं. कर, व्याज, वरती जादा रक्कम भरून. पण कर्ज मागायच्या तोंडावर फुगवलेलं रिटर्न बँक मानेलच असं नाही. आणि सोमवारपर्यंत तर नाहीच."

कॅल्क्युलेटरवरचा आकडा आपोआप विझला.

"मशीन न्हाय घेतलं तर?"

"काम बंद," शिवशरण म्हणाला. या वेळी त्याचा आवाज खाली होता. "मग लेथचा आठ हजाराचा हप्ता बी न्हाय निघत, विद्या."

"म्हंजी ह्यांनी सांगितलं, तुमी लिवलं, आन सही मी करायची."

"घर तुमच्या नावावर आहे, वहिनी. तुमच्या सहीशिवाय गहाण होत नाही. कर्जदार म्हणूनही तुमचं नाव घालतात."

"तुमीच म्हटलंता, माझ्या नावावर ऱ्हायलं की घर वाचंल."

मी फायलीची दोरी बांधत बसलो. ती आधीच बांधलेली होती.

शुक्रवारी बँकेत मीही गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. विद्याश्रींनी सतरा ठिकाणी सह्या केल्या, प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव, सावकाश. मूळ खरेदीखत त्यांनी साडीच्या दुकानाच्या पिशवीतून काढून दिलं. साहेबांनी कागद मिळाल्याची पोच दिली. ती त्यांनी त्याच पिशवीत ठेवली, पिशवीची तशीच घडी घातली आणि बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "ह्या साली खरं लिवा."

जुलैत, रिटर्न भरायच्या वेळी, शिवशरण एकटाच आला. मशीन चालू होतं, हप्ते वेळेवर होते. सात हप्त्यांत सत्त्याहत्तर हजार गेले होते. बँकेच्या उताऱ्यावर मुद्दल साडेसोळा हजारांनी कमी झालं होतं; बाकीचं सगळं व्याज. जादा भरणा एकही नव्हता.

"फाउंड्रीवाला दोन म्हैन्यांचं पैसं लटकवून बसलाय," तो म्हणाला, आणि खिशातली डायरी काढून टेबलावर ठेवली, उघडली मात्र नाही. "सालाचा आकडा तेवढा जरा बगा, आण्णा."

"वहिनींनी खरं लिहायला सांगितलंय. करही पडत नाही आता."

"कर न्हाय पडत, व्हय. पर एकदम नऊ लाख दावलं तर इन्कमटॅक्सवालं मागचं न्हाईत का विचारणार? मागचं चार ऐंशी. तुमच्याच हातचं."

मी पेनाचं टोपण काढलं. विचारतीलच असं नाही. विचारणार नाहीत असंही नाही. आणि त्या डायरीतले नऊ लाख माहीत असूनही चार ऐंशी लिहिणारा माणूस मीच.

"पाच लाख धा हजार लिवा," तो म्हणाला. "हळूहळू वाढवू."

पंधरा वर्षांतले सात महिने झाले होते. मी पाच दहा लिहिलं.