पहिली आठ मिनिटं

द्रावणात जे काही असतं ते प्रकाशापुढे लपत नाही, असं रसायनशास्त्र विभागाच्या फलकावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. फलकावरची ट्यूब गेल्या सहा महिन्यांपासून बंद होती, त्यामुळे ते कुणाला वाचता येत नसे.

फलकाखालच्या खोलीत ताई सहा वर्षं एकच काम करत होती. जांभळ्या रंगाच्या द्रावणात भरपूर अल्कली ओतायची आणि रंग उडताना स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दर मिनिटाला अ‍ॅब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावणानं किती प्रकाश गिळला त्याचा आकडा, टिपायचा. आकडा संहतीच्या सम प्रमाणात, त्यामुळे रंग निम्मा झाला की आकडाही निम्मा. अल्कली इतकी जास्त की ती संपल्याचं जाणवतच नाही. वेग फक्त उरलेल्या रंगावर. अशा पहिल्या कोटीच्या अभिक्रियेत आकड्याचा लॉग वेळेसमोर मांडला की सरळ रेषा यायला हवी.

ताईची रेषा पहिली आठ मिनिटं जवळजवळ आडवी पडून राहायची आणि मग धाडकन खाली यायची. तिच्या सरांना हे बेहद्द आवडलं होतं. "अभिक्रिया आधी विचार करते, मग कामाला लागते," ते म्हणाले आणि त्या आठ मिनिटांत तयार होणाऱ्या, कुणीच न पाहिलेल्या मध्यस्थ पदार्थाला त्यांनी आपल्या आडनावाचं पहिलं अक्षर बहाल केलं. त्यावर दोन शोधनिबंध निघाले. प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे तीच आठ मिनिटं. प्रबंध सोमवारी द्यायचा होता, कारण कायम नोकरीच्या अर्जाला प्रबंध दिल्याची पावती त्याच दिवशी जोडायची होती, आणि वयाची अट ताईला या वर्षापुरतीच माफ होती.

शुक्रवारी दुपारी शेवटचा आलेख पुन्हा काढायचा म्हणून तिनं प्रयोगशाळेतल्या मामांना क्युव्हेट, म्हणजे यंत्रात ठेवायची चौकोनी काचेची कुपी, भरायला सांगितलं. मामांनी भरली. आकडा आला 2.30. रोजच्यासारखाच.

"मामा, कुठल्या बाटलीतलं घेतलंत?"

"ही काय, मोठी."

"अहो, ती मूळ बाटली! ती दहापट गडद आहे!"

"मग आकडा दहापट यायला नको का, ताई?" मामा चष्मा पुसत म्हणाले. "का यंत्रालाही आपल्यासारखं आता पुरे झालंय?"

ताई हसली नाही. तिनं रोजचं द्रावण घेतलं आणि रंग एक-सोळांश, एक-अष्टमांश, पाव, अर्धा असा पातळ केला. आकडे आले 0.35, 0.69, 1.35. इथवर दुपटीला दुप्पट. मग अर्ध्याला 2.18 आणि पूर्ण द्रावणाला पुन्हा 2.30. यंत्रात इकडून तिकडून शिरणारा थोडासा भटका प्रकाश मापकापर्यंत कायम पोचत होता, आणि त्यापलीकडचा अंधार यंत्राला मोजता येत नव्हता. रंग पहिल्या मिनिटापासून नेमानं कमी होत होता. आडवं पडलं होतं ते यंत्र.

तिनं अल्कली तेवढीच ठेवली, रंग एक-अष्टमांश घेतला आणि स्टॉपवॉच चालू केलं. सुरुवातीला 0.69. सहाव्या मिनिटाला 0.34. बाराव्याला 0.17. लॉगची रेषा पट्टीनं ओढल्यासारखी सरळ.

"छान आलं की," मामा म्हणाले.

"हो ना," ताई म्हणाली आणि स्टुलावर बसली.

सरांनी आलेख बराच वेळ उलटसुलट धरून पाहिला. "पातळ द्रावणात मध्यस्थ तयार होत नसेल."

"सर, मध्यस्थच नाहीये."

"अगं, दोन निबंध आहेत त्याच्यावर! बहिःस्थ परीक्षक चौथं प्रकरण उघडतसुद्धा नाहीत. संदर्भसूचीत स्वतःचं नाव शोधतात आणि सही करतात. तू सोमवारी दे. घरी आईला किती वर्षं सांगणार, होतंय म्हणून?"

हा वार वर्मी बसला. ताई घरी आली. आईनं विचारलं, "झालं का गं?" ती म्हणाली, "सरळ आलं." आईला बरं वाटलं.

शनिवार-रविवार तिनं चौथं प्रकरण वाचलं. लिहिलं चांगलं होतं. विशेषतः ती आठ मिनिटं. सोमवारी सकाळी तिनं ते काढून टाकलं आणि उरलेला प्रबंध सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी सही केली नाही. चौथ्याशिवाय यात आहे काय, असं त्यांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. अर्जाची मुदत पाच वाजता संपली.

नव्या रेषेवरून काढलेला वेगस्थिरांक मिनिटाला 0.115 आला. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक पुस्तिकेत सातव्या प्रयोगाखाली हाच आकडा छापलेला आहे. मुलं तो दोन तासांत काढतात.