आतलं माप

आमच्या घरी हिशोब यांनी, म्हणजे तानाजीरावांनी, करायचा आणि निस्तरायचं मी, असा रिवाज आहे. म्हशींच्या हौदाचंही तसंच झालं.

जुना हौद फुटल्यापासून चार म्हशींना मी बोअरवरून बादल्यांनी पाणी पाजत होते. म्हैस काही दोन घोट पिऊन थांबत नाही. कमरेचा पार भुगा झाला होता. त्यात हळ्ळीखेडला माझी माय एकटी, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी बिदरला ठरलेलं. भावानं फोनवर विचारलं, येतेस ना? मी म्हटलं, हौद झाला की येते. माझ्या मागे बादल्या कोण वाहणार, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नव्हता.

हौद आतून दहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट खोल हवा, इतपत यांचं बरोबर होतं. भिंत नऊ इंची, तेही बरोबर. पण पाणी जिथं उभं राहतं तेच खरं माप, असा यांचा ठाम समज. धान्याची कणगी घेतानाही हे आत किती मावतं तेवढंच विचारतात. त्याच हिशोबानं हौदाखालच्या अर्धा फूट जाडीच्या बेडला साडेबारा घनफूट काँक्रीट लागेल म्हणून सामान आणलं, आणि गवंडी यायच्या आधी गड्याला हाताशी धरून दहा बाय अडीचचा बेड घालूनही टाकला. विटा साडेचारशे आणल्या. मी विचारलं होतं, भिंत कशावर उभी राहणार? तर म्हणे, तुला त्यातलं काय कळतंय.

शुक्रवारी ग्यानबा गवंडी आला. बेडाकडे बघितलं, तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि मालक सांगतील तसं म्हणून सावलीला जाऊन बसला. चूक दिसूनही बोलला नाही, त्याचाही मला राग आला.

यांनी पहिल्यांदा भिंत बेडाबाहेर उभी करायची ठरवली. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती भिंत ठेवली तर पहिल्याच वर्षी तडकणार. मग म्हणाले, बेडावरच घेऊ. मी विटा उचलल्या आणि बेडाच्या कडेनं नऊ इंच रुंदीचे कोरडेच चार थर रचले. मध्ये पाण्याची बादली ठेवली आणि चंद्री म्हशीला सोडून आणलं.

चंद्रीनं मान खाली घातली. शिंगं दोन्ही बाजूंना अडली. आत जेमतेम फूटभर जागा उरली होती. तिनं एक झटका दिला, विटा खाली आल्या, आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

"दोन्ही बाजूच्या भिंती धरा," मी म्हटलं. "बाहेरून साडेअकरा बाय चार होतंय. बेड तेवढा पायजे. तेवीस घनफूट. तुमी निम्मंच घातलंय."

यांनी टेप काढून बेड मोजला. मग म्हणाले, "फोडून नवा घालावा लागतोय. तू आणिक आठ-पंधरा दिवस थांब."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मायचा डोळा यांच्या बेडासाठी थांबणार होता काय?

"मी उद्या जायलाव," मी म्हटलं. "बादल्या गोठ्यात हायत."

आणि गेले. मायचं ऑपरेशन नीट झालं. मी तीन आठवडे राहिले. हे फोनवर मायची चौकशी करायचे, पाण्याचं एक अक्षर काढायचे नाहीत.

परत आले तर हौद झालेला, काठोकाठ भरलेला. चार म्हशी रांगेत पाणी पीत होत्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात गोठ्यामागे विटांचा ढीग दिसला.

झालं होतं असं, की या वेळी यांनी पक्कं बाहेरचं माप धरलं. साडेअकरा गुणिले चार गुणिले दोन, ब्याण्णव घनफूट, घनफुटाला बारा विटा. आतली पोकळी वजा करायची राहिली. म्हणजे पाण्याच्या जागीसुद्धा यांनी विटाच धरल्या. लागणार होत्या सगळ्या मिळून पाचशेच्या वर थोड्या. फुटतुटीसकट आणखी साठ-सत्तर आणल्या असत्या तर भागलं असतं. यांनी अकराशे धरून, आधीच्या साडेचारशे वजा करून, वर साडेसहाशे उतरवून घेतल्या.

मी कपाळाला हात लावला. तोंडावर आलेलं सगळं बोलून टाकणार, तोच यांच्या हातांकडे लक्ष गेलं. बादलीच्या कड्यांनी दोन्ही तळव्यांना घट्टे पडले होते, माझ्या हातांना आहेत तिथंच.

"मायला हिकडंच घेऊन यायचं," हे ढिगाकडे बघत म्हणाले. "एकटी कामून ऱ्हावं तिनं? तिच्यासाठी न्हाणी बांधू. विटा हायतच."

हे आखणीच्या चुन्याची पिशवी घेऊन आले आणि माझ्यापुढे धरली.

"आखायचं तू," म्हणाले. "आतलं बी, भायेरचं बी."