सीसीमध्ये सर

कंपनीने जाहिरात दिलीच नव्हती. त्यामुळे अर्ज करायला कुणाची परवानगी लागते, हे मला कळायचं काहीच कारण नव्हतं. बाबांना मात्र कळत होतं. माझे बाबा, बापूराव, म्हणजे दारव्ह्याच्या तहसील कचेरीतले जुने कारकून. फोनवर म्हणाले, "साहेबाले डावलून अर्ज करू नये पोरी. त्यांच्या मार्फतच जाऊ दे."

ईमेल मार्फत जात नाही, हे त्यांना कसं सांगायचं? म्हणून मी सीसीमध्ये आमच्या विभागप्रमुखांचा, जयसिंग सरांचा, पत्ता घातला. झालं मार्फत.

मला शेवटच्या सहामाहीचा प्रोजेक्ट कंपनीत करायचा होता. आमच्या ग्रुपने शहरातल्या एका दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत घ्यायचं ठरवलं होतं. मी भांडून बाहेर पडले. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत कंपनीचं पत्र आण, नाहीतर मुकाट्याने त्याच ग्रुपमध्ये जा." मुकाट्याने राहणं मला कधी जमलेलं नाही.

कोथरूडच्या त्या छोट्या कंपनीचं नाव मला आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रातल्या यंत्रावर वाचून माहीत होतं. वेबसाइटवर मालकीणबाईंचा पत्ता मिळाला, नम्रता गोडसे. मी लिहिलं: आपल्याकडे जागा नाही हे मला माहीत आहे, तरीही विचारते. वीज गेली की आपल्या यंत्रावरची चालू नोंद पुसली जाते. मग तेच दूध पुन्हा तपासावं लागतं आणि रांगेत भांडणं होतात. जानेवारी ते मे मी यावर काम करू इच्छिते. बायोडाटा सोबत जोडला आहे.

पाठवलं आणि जिवाला घोर लागला. वाघोलीत आमच्या हॉस्टेलसमोर सायबर कॅफे होता. मी लेक्चर बुडवून तिथे जाऊन बसायचे, इनबॉक्स उघडायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. कॅफेवाले काका म्हणाले, "अहो, तो कॉम्प्युटर आहे, विहीर नाही. सारखं डोकावून पाणी वाढत नसतं." मी त्यांच्याकडे रागाने बघितलं. ते बरोबरच बोलत होते, म्हणून जास्त राग आला.

गुरुवारी उत्तर आलं. कंपनीचं नव्हे, सरांचं. सरांनी 'सगळ्यांना उत्तर' दाबलं होतं, त्यामुळे ते गोडसे मॅडमना गेलं आणि मलाही आलं. लिहिलं होतं: सदर विद्यार्थिनीचा एक विषय राहिलेला आहे. तिच्याऐवजी आमच्या पुढील गुणवंत विद्यार्थ्यांचा विचार व्हावा. खाली नावं होती, ओळीने, टक्केवारीसकट.

माझे कान तापले. माझ्याच अर्जावर, मला वगळून! मार्फत म्हणे. आधी बाबांचा राग आला, मग सरांचा, मग सगळ्यात जास्त स्वतःचा. सरांकडे जाऊन ओरडावंसं वाटत होतं. पण सोमवार जवळ येत होता आणि सही त्यांचीच लागणार होती.

मी खुर्ची पुढे ओढली आणि मॅडमना लिहिलं. सीसीमधून सरांना काढलं नाही, राहू दे म्हटलं. 'सर लिहितात ते खरं आहे. माझा कंट्रोल सिस्टिम्स राहिला आहे, तो मी मेमध्ये पुन्हा देणार आहे. पण यंत्राबद्दल मी लिहिलं तेही खरं आहे. तुमचा निर्णय काहीही असो, कृपया एका ओळीत कळवा.'

शुक्रवारी काहीच नाही. शनिवारी सकाळी मी कोथरूडच्या बसमध्ये बसायला निघाले, मग थांब्यावरून परत फिरले. न बोलावता दारात जाऊन उभं राहायचं धाडस नव्हतं. परत कॅफेत गेले. काकांनी या वेळी नुसताच कॉम्प्युटर दाखवला.

मेल आला होता. सरांनाही सीसी होता.

सोमवारी मी त्याची प्रत काढून सरांच्या टेबलावर ठेवली. सोबत कॉलेजचं ना-हरकत पत्र ठेवलं; कंपनीच्या मेलशिवाय त्यावर सही मिळत नाही. सरांनी मेल बघितलाच नव्हता. ते चष्मा लावून वाचू लागले.

'पूर्णिमा, आमच्याकडे अजूनही जागा नाही. शिकवायलाही कुणी मोकळं नाही, यंत्र उघडून स्वतःच शोधावं लागेल. नोंद पुसली जाते हे आम्हाला माहीत आहे, दोन वर्षं आम्ही ते टाळत आलो आहोत. सरांची नावं वाचली. गुणी मुलं दिसतात. पण त्यांच्यापैकी एकानेही आम्हाला लिहिलेलं नाही. तू लिहिलंस. पहिल्या तारखेला ये. विषय मात्र सोडव.'

सर शेवटपर्यंत वाचून परत पहिल्या ओळीवर गेले. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते.

"कंट्रोल सिस्टिम्स कोण शिकवतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, सर."

त्यांनी वर बघितलं नाही. पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.