दौलतरावांच्या सायकलचा फोटो

"तुम्हीही शेजारी उभ्या राहा की, ताई," काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढत फोटोग्राफर म्हणाला.

"नको. नुसती सायकलच येऊ द्या."

सुमनताईंनी पदराने घंटी पुन्हा एकदा पुसली आणि त्या बाजूला झाल्या. चिंचवडच्या त्या पत्र्याच्या स्टुडिओपुढे, कोवळ्या उन्हात, सायकल नवरदेवासारखी नटून उभी होती.

आणि का नटू नये? दौलतराव गेल्यापासून बिचारी ओसरीवर गोणपाटाखाली पडून होती. दवाखान्यातलं सुईणीचं काम उरकून आल्या की सुमनताई तिच्यापुढे बैठक मारायच्या. रॉकेलच्या फडक्याने त्यांनी गंज उतरवला. हबमधल्या गोळ्या काढून, धुऊन, नव्या ग्रीसमध्ये बसवल्या. कडक झालेल्या चामड्याच्या सीटला तेल पाजून पाजून मऊ केलं. मागचं चाक डुगडुगत होतं, तेवढं काळेवाडीच्या बरकतने स्पोक आवळून सरळ करून दिलं. सासूबाई, सुभद्राबाई, उंबऱ्यात बसून कौतुकाने पाहायच्या.

"माझ्या दौलतची आठवन हाय ती. कुनाला बसू देऊ नगंस," त्या म्हणायच्या.

इथंच तर घोडं पेंड खात होतं. कारण शेवटी सुमनताईंनी सीटखालचा बोल्ट सैल केला होता आणि सीट पार फ्रेमला टेकेपर्यंत खाली उतरवली होती. दौलतराव ताडमाड उंच. सुमनताई त्यांच्या खांद्याला लागायच्या.

थेरगावपर्यंतची बाळंतपणं त्यांच्याकडे होती. पायी पोचेपर्यंत कधी मूल आधीच आलेलं असे, कधी त्याहून वाईट झालेलं असे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की फिरतीचं काम वेळेवर पोचणारीलाच मिळेल. नाहीतर दवाखान्यात बसून पट्ट्या गुंडाळाव्या लागतील. म्हणून सासूबाई उठायच्या आत सुमनताई सायकल घेऊन पवनेच्या काठी जायच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला की पाय दांड्यावरून सहज पलीकडे जाई. धुक्यात रस्ता दिसत नसे, नदी दिसत नसे, आपलं वजनही कुठेतरी मागे राहिल्यासारखं वाटे. एकदा मात्र खोचलेला पदर सुटून मागच्या चाकात गेला आणि त्या बाभळीत जाऊन पडल्या. घरी सांगितलं, पायरीवरून घसरले.

फोटो आला. शेजारपाजारी मिरवून झाला. मग सुमनताईंनी त्याची एक प्रत मिरजेला नूरमोहम्मदला धाडली. तो दौलतरावांचा जिवलग. देहूरोडच्या लष्करी लिलावातून हीच सायकल मोडक्या अवस्थेत आणून त्यानेच मित्रासाठी उभी केली होती. सुभद्राबाईंचाही तो दुसरा मुलगाच. सुमनताईंनी ती चालवायला त्याने नाही म्हटलं असतं, तर विषय संपला असता.

म्हणूनच सुमनताईंनी काही विचारलं नाही. फोटोमागे एवढंच लिहिलं: 'सायकल पुन्हा उभी केली. पाहून बरं वाटेल म्हणून पाठवते.'

दिवाळीच्या तोंडावर पार्सल आलं. वर चिठ्ठी होती. सुमनताईंनी ती सासूबाईंना वाचून दाखवली.

"वहिनी, सायकल पाहून डोळे निवले. दुकानात येईल त्याला फोटो दाखवतो. चेनकव्हरवरची सोनेरी रेघ मला इतकी सरळ जमली नसती. अम्मांना सलाम. सोबत थोडं सामान आहे."

बस्स. सुमनताईंना उगाच रडू आलं. वेडीच मी, त्यांना वाटलं. विचारलंच नाही तर तो काय सांगणार?

सुभद्राबाईंनी तोवर पुडकं सोडलं होतं. आत काळ्या दोऱ्याची, पंख्यासारखी पसरणारी जाळी निघाली. वरच्या काठाला बारीक आकडे आणि खाली एक गोल पत्ती होती.

"ह्ये काय गं?"

सुमनताईंनी ती लगेच ओळखली.

"मडगार्डला भोकं पाडून हे आकडे अडकवायचे. पत्ती चाकाच्या नटाखाली. मागच्या चाकात पदर जात नाही मग."

"दौलतला कुठला पदर?"

भिंतीवरच्या फोटोत सीट फ्रेमला टेकलेली होती. इतके दिवस सगळ्या गावाने तो पाहिला होता.

सुभद्राबाईंनी सुनेचा हात ओढून घेतला. कोपरावरच्या ओरखड्यांच्या व्रणांवरून बोट फिरवलं.

"पायरीवरनं पडलीस, न्हवं?"

"नाही, आत्याबाई."

म्हातारी जाळी मांडीवर पसरून बसली. दोऱ्यांतून बोटं फिरवत राहिली. नूरच्या हातची वीण होती, प्रत्येक गाठ घट्ट.

"एकाच बाजूची दिलीया का?" तिने विचारलं.

"दोन आहेत. दुसरी पुडक्यातच आहे."

"मग बांध दोन्ही. उजेड हाय तवर."