तिसरा लॅप

रेसच्या आधी पोहणाऱ्यांना जिथे बसवतात, त्या कॉल रूममध्ये कोचला जाता येत नाही आणि मोबाईलही नेता येत नाही. हे मला माहीत होतं. मी स्वतः सहा वर्षं त्या खोलीत बसलोय, घाम पुसत. तरी मी टिटवीला जे शिकवलं, ते मोबाईलशिवाय आणि माझ्याशिवाय चालणारच नव्हतं.

टिटवी म्हणजे आमच्या क्लबची तेरा वर्षांची पोरगी. पाण्याबाहेर तोंड बंद नसतं म्हणून हे नाव. दोनशे मीटर फ्रीस्टाइल, म्हणजे चार लॅप. सरावात दोन मिनिटं चौतीस सेकंद, डोळे झाकून. आणि स्पर्धेत उलट्या. मागच्या वेळी बाथरूमचं दार आतून लावून बसली, तिचं नाव तीनदा पुकारलं, रेस तिच्याशिवाय झाली. तिचे बाबा डिलिव्हरीची गाडी चालवतात, अर्धा दिवस बुडवून आले होते. जाताना शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळी पण असंच झालं तर बास. शाळा करेल नुसती."

मोठे सर, म्हणजे क्लबचे मुख्य कोच, माझ्याकडे बघून म्हणाले, "घे रे ध्यानगुरू. तुझी केस आहे."

मला ते ध्यानगुरू म्हणतात कारण मी मनाच्या तयारीबद्दल वाचत असतो. कोर्स वगैरे काही नाही. लायब्ररीतली तीन पुस्तकं आणि व्हिडिओ. क्लबच्या वर एक खोली आहे, तिथे राहतो. खाली पंपाचा आवाज, वर मी. संध्याकाळी साडेसातला पोरं गेली की सकाळी साडेपाचपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

तर मी टिटवीसाठी रेकॉर्डिंग केलं. माझ्या आवाजात. बरोबर दोन मिनिटं चौतीस सेकंदांचं, कारण मनातली रेस खऱ्या रेसच्याच वेगाने चालली पाहिजे. तू उडी मारतेस, तुझी पिवळी टोपी पाण्यातून वर येते, पहिला लॅप, वळण, वगैरे. रोज दोनदा ऐकायचं. रेसच्या आधी ठरलेला क्रम: हात फिरवणं, गॉगल दाबून बसवणं, ऐकणं, चार वेळा लांब श्वास सोडणं, आणि शेवटी मी खांद्यावर थाप मारून म्हणणार, "जा."

क्लबच्या चाचणीत जादू झाली. उलटी नाही, काही नाही. "दादा, तुमचा आवाज ऐकला की पोटातलं बसतं," असं म्हणाली. मी आठवडाभर हवेत होतो. खरं सांगू? रोज दोनदा कोणीतरी मला ऐकतंय, ही गोष्टच मला इतकी आवडली की पुढचा विचार मी केला नाही. करायचा नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ती वॉर्मअप करून पळत आली. ओठ पांढरे.

"दादा, कॉल रूमच्या दारावरच्या बाई म्हणतात मोबाईल बाहेर ठेवायचा. आणि तुम्हाला पण आत सोडणार नाहीत."

"हो."

"हो काय? तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

तिने मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी नाही जात मग," ती म्हणाली.

कॉल रूममध्ये हजर व्हायला पंचवीस मिनिटं होती. चेंजिंग रूमबाहेरच्या बाकावर बसवलं तिला. वर गॅलरीत तिचे बाबा दिसत होते, युनिफॉर्ममध्येच.

"डोळे मिट. आज मी बोलत नाही, तू सांग. काय दिसतंय?"

"मी उडी मारते. माझी पिवळी टोपी पाण्यातून वर येते..."

"थांब. पोहताना स्वतःची टोपी दिसते तुला?"

"नाही."

"मग कुठून बघतेयस?"

जरा विचार करून म्हणाली, "तुम्ही उभे असता तिथून."

कानाखाली बसल्यासारखं झालं. मी तिला रेस दिली होती ती काठावरून दिसणारी. माझी.

"पाण्यात ये," मी म्हटलं. "तुझ्या डोळ्यांनी. काय दिसतं?"

"तळाची काळी पट्टी. बुडबुडे. श्वास घेताना दोरीचे लाल मणी."

"कानात?"

"घर्रर्र. आणि मधेच लोकांचा आवाज, तुटक तुटक."

"चल, उडीपासून. मनातल्या मनात पोह. निघताना बोट उचल, शेवटी भिंतीला हात लागला की परत उचल."

स्टॉपवॉच लावलं. बोट वर झालं, एक मिनिट अठ्ठेचाळीस.

"टिटवे, पाऊण मिनिट कुठे खाल्लंस?"

"तिसरा लॅप सोडला," ती पुटपुटली.

"का?"

"रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही म्हणता तिसऱ्यात तू हलकी आहेस. मी नसते हलकी. हात ओल्या चादरीसारखे होतात. मग वाटतं, झालं, मेले आता. म्हणून तिथे मी... उडी मारून चौथ्यात जाते."

तीन पुस्तकं वाचली मी. तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"बरं. जड होऊ दे. होणारच आहेत. झाले की काय करतेस? सरावात?"

"पाय वाढवते. आणि हात मोजते. एकापासून आठपर्यंत, परत एक."

"मग तेच बघ. जड झालेले हात, आणि आठपर्यंत मोजणं."

परत डोळे मिटले. मी स्टॉपवॉच शून्यावर आणलं. तिसऱ्या लॅपला तिचं कपाळ आक्रसलं, ओठ हलायला लागले, एक, दोन, तीन. बोट वर. दोन मिनिटं एकतीस.

"जवळ आलीस. बाकीचा क्रम तोच. हात, गॉगल, आतल्या आत ही रेस, चार श्वास."

"आणि थाप?"

"स्वतः मार."

"स्वतःच्या खांद्यावर? येडी दिसेन ना!"

"मांडीवर मार. सगळ्या मारतात."

तिने मारून बघितली, फट्ट आवाज आला, "आई गं!" म्हणून हसली. मग मोबाईल माझ्या हातात देऊन कॉल रूममध्ये गेली. दार लागलं.

मी तिच्या बाबांशेजारी बसलो.

"बाहेर येईल का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. बंद दाराकडे बघण्याव्यतिरिक्त काही काम नव्हतं मला. आत कोणीतरी उलटी करत असेल तर इथे ऐकूही येणार नव्हतं.

आठ पोरी ओळीने बाहेर आल्या. सहावी ती. बाबांनी श्वास सोडला, मी मोजला नाही पण लांब होता. ती उडीच्या ठोकळ्यामागे उभी राहिली, गॉगल दाबला, डोळे मिटले, मांडीवर दोन फटके. गॅलरीकडे एकदाही बघितलं नाही. मी उगाच हात अर्धा वर केला होता, तो खाली घेतला.

पाचवी आली. दोन तेहतीस. बाबा खाली धावत गेले, मी मागून.

टॉवेलमध्ये गुंडाळलेली ती तोंडाचा पट्टा चालू करून उभी होती. "बाबा, तिसऱ्यात जाम जड झाले हात! पण होणारच होते ना, मग मी मोजलं!"

"पुढची कधी आहे?" बाबांनी मला विचारलं. एवढंच.

"दोन महिन्यांनी."

"सुट्टी टाकतो."

मी तिला मोबाईल दिला आणि नको ते विचारलं. "माझा आवाज आला का कानात?"

"नाही ओ दादा. वेळ कुठे असतो?"

दुसऱ्या दिवशी मी क्लबच्या आठही पोरांना काठावर बसवलं. रेकॉर्डिंग नाही, काही नाही. प्रत्येकाला विचारलं, तुला पाण्यात काय दिसतं, कुठे फाटते. मग म्हटलं, डोळे मिटा, निघा. आठ बोटं वर झाली. ओठ हलायला लागले, कुणाचे खांदे, कुणाचे पाय. आठ जण आठ वेगवेगळ्या पाण्यात. मी स्टॉपवॉच धरून उभा होतो, पंप ऐकत, पहिलं बोट परत वर व्हायची वाट बघत.