सहा जणांची आमटी

बायको गेल्यावर वर्षभराने अमृतरावांनी तिच्या येसराच्या आमटीची कृती आठवून लिहून काढली. लातूरच्या देविकाबाई मराठवाड्यातल्या घरगुती पाककृतींचं पुस्तक करत होत्या, त्यांना ती पाठवायची होती. अमृतराव उमरीच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आता नांदेडला एकटेच राहत. अक्षर वळणदार, मजकूर अर्ध्या पानाचा. 'गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी, धणे, जिरे भाजून येसर दळावे. हे पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडावे. आमटी दाट व्हावी. सहा जणांस पुरते.' खाली बायकोचं, केवळाबाईंचं नाव.

देविकाबाईंचे फोन सुरू झाले.

"सर, डाळ किती वेळ भाजायची?"

"वास सुटेपर्यंत."

"कच्च्या डाळीलाही वास असतो. रंग कसा यायचा?"

अमृतरावांनी पुन्हा आठवून पाहिलं. ते ओसरीवर पेपर वाचत बसायचे, वास तिथवर यायचा. कढईत काय दिसत होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. असं चारपाच प्रश्नांवर झालं. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्हीच या इकडे. मी करते, तुम्ही चव सांगा."

एसटीने ते लातूरला गेले. देविकाबाईंच्या ओट्यावर वजनकाटा होता. प्रत्येक जिन्नस काट्यावर मोजून त्या वेगवेगळा भाजत होत्या, कारण डाळीला लागतो तेवढ्या वेळात धणे करपतात. डाळ मंद आचेवर आठ-नऊ मिनिटांनी गुलाबी झाली, खमंग वास आला. "आता आतला दाणा चावून बघा." अमृतरावांनी चावला. कुडकुडीत लागला. बाईंनी लिहून घेतलं. 'मिनिटं अंदाजाची धरा, कढईच्या जाडीवर बदलतील. खूण रंगाची आणि दाताची.' सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळलं. गरम दळलं असतं तर वाफेने पीठ ओलसर झालं असतं.

पहिल्या खेपेला पीठ गरम पाण्यात कालवलं, गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा ते गार पाण्यात कालवून, लसणाच्या फोडणीवरच्या उकळत्या पाण्यात ढवळत सोडलं. पाच मिनिटांत कच्चा वास गेला, आमटी पळीच्या पाठीवर थर धरू लागली. अमृतरावांनी भाकरी बुडवली. डोळे मिटले.

"हीच. अगदी हीच."

बाईंनी आमटी वाट्यांत ओतली. तीन वाट्या भरल्या आणि पातेल्याच्या तळाशी जेमतेम पळीभर उरली.

"अर्धी वाटी येसर, तुम्ही सांगितलेलंच प्रमाण," त्या म्हणाल्या. "तिघांना पुरली. तुम्ही सहा लिहिलंय."

"सहाच होतो आम्ही. आई, माझा धाकटा भाऊ, दोन पोरं, मी आणि ती."

"मग येसर जास्त घेत असतील."

"न्हाई. अर्धीच वाटी. डब्यातली वाटी मला पाठ हाय. महिन्याचं येसर पुरवायचं म्हणून ती मोजूनच काढायची."

दोघांनी हिशेब पुन्हा मांडला, जुळेना. तेव्हा अमृतरावांनी मुदखेडला मेव्हणीला फोन लावला आणि बाईंनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. चंद्रकला सुटीत बहिणीकडे राहायची, तिने ते स्वयंपाकघर पाहिलं होतं.

"दाट?" चंद्रकला म्हणाली. "तुम्हाला, भावजींना आणि सासूबाईंना दाट, दाजी. तुमचं वाढून झालं की अक्का उरलेल्यात तांब्याभर आधण ओतायची, वर मीठ आन् तिखट. मग ती पोरांना वाढायची, आन् राहिलेलं आम्ही दोघी खायचो. लई पातळ असायची, पण गरम असायची."

देविकाबाईंनी मान खाली घालून लेखणी हातात घेतली, पण काही लिहिलं नाही.

"मला कधी बोलली न्हाई," अमृतराव म्हणाले.

"काय बोलायचं त्यात?" चंद्रकला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं.

फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं, "सहा जणांसाठी येसर एक वाटी करू का? पाणीही दुप्पट. सगळ्यांना सारखी मिळेल."

अमृतरावांना ते पटकन हवंसं वाटलं. मग ते म्हणाले, "मग ती केवळाची राहणार न्हाई. तिनं कधी एक वाटी घेतलीच न्हाई." बाईंच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "तीन लिहा. खाली तिचं नाव तसंच ठेवा. आन् आमटी गार झाल्यावर घट्ट होते, तर आधण घालून सैल करावी, असं पण लिहा. ते तिचंच हाय."

"मीठ-तिखट पुन्हा चाखून," बाईंनी जोडलं.

"हां. चाखून."

परतीच्या गाडीत, अहमदपूरच्या पुढे, त्यांनी पुन्हा चंद्रकलेला फोन लावला. गाडीच्या खडखडाटात मोठ्याने विचारावं लागलं, शेजारचा माणूस वळून बघू लागला. "तिला कशी आवडायची? दाट का पातळ?"



"ते मला न्हाई सांगता येणार, दाजी," ती म्हणाली. "तिच्या वाटणीला दाट आलेली मी कधी बघितलीच न्हाई."