आत्यांचा पहिला नंबर

पूजानं माधवनगरच्या दुकानात फोन स्टँडला लावला, तोंडावर दिवा घेतला आणि लाइव्ह सुरू केलं. एका साडीला दोन मिनिटं. तेवढ्यात पदर, काठ, नंबर आणि भाव सांगायचा. प्रत्येक साडी एकच, त्यामुळं कमेंटमध्ये जी आधी नंबर टाकेल, साडी तिची. पण बाराच्या बारा नंबर तिच्या औंधच्या आत्यांनीच आधी टाकले. बाकीच्या बाया वैतागून निघून गेल्या.

लाइव्ह संपताच पूजानं फोन लावला. "आत्या, बारा साड्या?"

"छ्या! एक बी नको. कुणीच न्हाई असं दिसाय नको, म्हणून हजेरी लावली."

"आवं, मग उद्या तुमीच साड्या दाखवा. दोन्ही हात पदरात गुतलं, की बोटं तरी गप बसतील!"